‘टंचाई असेपर्यंत’ म्हणजे नक्की कधीपर्यंत? सोसायटीच्या मुदती ठरावांची नोंदवही तयार करताना

ठाण्यात घोडबंदर रोडवर आमची ८४ सदनिकांची सोसायटी आहे. एप्रिल २०२४ मधल्या कमिटी मीटिंगच्या इतिवृत्तात हा ठराव सापडतो: “पाणीटंचाई असेपर्यंत टँकरच्या खर्चासाठी प्रत्येक सदनिकेकडून दरमहा ₹३५० घ्यावेत व पाणी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत सोडावे. सर्वानुमते मंजूर.” शेवटचा टँकर जुलैअखेर आला. ₹३५० मात्र जानेवारी २०२५ च्या बिलातही होते. एका सभासदाने फ्लॅट विकायला काढला आणि थकबाकीचा तपशील मागितला, तेव्हा ही गोष्ट उजेडात आली.

यात कुणी लबाडी केली नव्हती. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा हेड टाकले की ते दर महिन्याला आपोआप येते, आणि ते कधी काढायचे हे मॅनेजरला कुणी लेखी दिलेले नव्हते. मधल्या काळात सचिवही बदलले. ऑगस्ट ते जानेवारी हे सहा महिने धरून प्रत्येक सदनिकेचे ₹२,१०० होतात, एकूण ₹१,७६,४००. ते फेब्रुवारीच्या बिलात वळते करून दिले. खरा वाद झाला तो ठराव संपला कधी यावर. पहिला पाऊस पडला तेव्हा संपला, असे एकाचे म्हणणे. शेवटचा टँकर आला त्या दिवशी, असे दुसऱ्याचे. तिसऱ्याचे म्हणणे असे की उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचा दाब दरवर्षीच कमी होतो, म्हणजे टंचाई संपलेलीच नाही. कागद वाचला तर तिघेही बरोबर होते, आणि अडचण तिथेच होती.

त्यानंतर फेब्रुवारी-मार्च २०२५ मध्ये आम्ही जुनी इतिवृत्ते वाचून मुदती ठरावांची वेगळी नोंदवही तयार केली. ती करताना काय केले, काय चुकले आणि काय टिकले, ते पुढे देत आहे. इतर सोसायट्यांच्या सचिवांना ते वापरता यावे, हा हेतू आहे.

आधी पाच वर्षांची इतिवृत्ते तीन जणांनी वाटून घेतली आणि प्रत्येक ठरावापुढे वेगळ्या वहीत एकच खूण केली. मूळ इतिवृत्त पुस्तिकेत कुणी काही लिहायचे नाही, समासात पेन्सिलनेही नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवले. मंजूर झालेल्या इतिवृत्तात मागाहून केलेली खूण पुढच्या वाचणाऱ्याला तेव्हाचीच वाटते. खुणा तीन प्रकारच्या होत्या. ‘ए’ म्हणजे एकदाच करायचे आणि होऊन गेलेले काम, जसे पंपाची दुरुस्ती. ‘का’ म्हणजे बदलला जाईपर्यंत कायम लागू असलेला नियम, जसे कचरा देण्याची वेळ. ‘मु’ म्हणजे नेहमीच्या नियमाला काही काळापुरती दिलेली सवलत किंवा घातलेले बंधन. नोंदवही लागते ती या तिसऱ्या गटासाठी.

‘मु’ ठराव शोधायला शब्दांची यादी फार उपयोगी पडते. ‘तूर्तास’, ‘सध्यापुरते’, ‘पुढील निर्णय होईपर्यंत’, ‘पावसाळ्यानंतर’, ‘काम पूर्ण होईपर्यंत’, ‘तात्पुरत्या स्वरूपात’, ‘दिवाळीपर्यंत’ हे शब्द जिथे दिसतील तिथे थांबायचे. पण काही ठरावांत यातला एकही शब्द नसतो आणि तरी ते मुदतीच असतात. “जिना क्र. २ कडील गेट रात्री बंद ठेवावे” हा ठराव आम्ही कायमचा धरला होता. त्याच मीटिंगचे आदले पान वाचल्यावर कळले की तेव्हा शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू होते, मजूर आत येत होते आणि त्यासाठी गेट बंद केले होते. बांधकाम संपून दोन वर्षे झाली होती. रहिवासी मात्र रात्री अजून वळसा घालून येत होते. म्हणून ठरावाचे वाक्य वाचून थांबू नये, त्यामागची चर्चाही वाचावी. कारण तात्पुरते असेल तर ठरावही तात्पुरताच असतो, मग त्याची भाषा काहीही असो.

असे मुदतीविना पडलेले जुने ठराव निघाले की मोह होतो तो आपणच अंदाजाने एखादी तारीख टाकून मोकळे होण्याचा. तसे करू नये. मूळ ठरावात जी मुदत नाही ती नोंदवहीने लावली, तर नोंदवहीच खोटी ठरते. आम्ही असे सगळे ठराव एका तक्त्यात मांडून मार्चच्या मीटिंगपुढे ठेवले आणि एकच नवा ठराव घेतला: यांतले अमुक आजपासून रद्द, अमुक या तारखेपर्यंत चालू, अमुक आता कायम. नोंदवहीत त्यांच्यापुढे “मूळ ठरावात मुदत नव्हती; मार्च २०२५ च्या ठरावाने ठरवली” असे लिहिले. मागच्या तारखेने काहीच संपवले नाही.

आता नोंदीत काय काय लिहायचे, त्याकडे येतो. पहिली गोष्ट तारखांची. एका ठरावाला किमान तीन तारखा असतात आणि त्या एकमेकींत मिसळतात. ठराव झाला ती तारीख, तो लागू होतो ती तारीख आणि त्याचा शेवटचा दिवस. चौथीही असते, इतिवृत्त पुढच्या मीटिंगमध्ये कायम झाले ती, आणि सर्वांत जास्त गोंधळ तिचाच होतो. इतिवृत्त कायम झाल्यावरच ठराव लागू होतो, असे अनेकांना वाटते. इतिवृत्त कायम करणे म्हणजे नोंद बरोबर आहे हे मान्य करणे. ठराव त्याआधीच झालेला असतो. म्हणून लागू होण्याची तारीख ठरावाच्या वाक्यातच घालायची, म्हणजे हा प्रश्न उरत नाही.

शेवटच्या दिवसाबद्दल मराठीतली एक अडचण आहे. ‘३१ तारखेपर्यंत’ म्हटले की ३१ धरायची की नाही, यावर दोन माणसांची दोन मते होतात. वॉटरप्रूफिंगच्या वेळी पोडियमवरच्या १२ गाड्या मोकळ्या जागेत लावायला परवानगी होती, ‘३१ डिसेंबरपर्यंत’. गेटवरच्या सुरक्षारक्षकाने ३१ ला सकाळीच गाड्या अडवल्या. त्याच्या मते मुदत ३० लाच संपली होती. ‘रात्री १२ वाजेपर्यंत’ लिहिले तर आणखी पंचाईत, कारण त्या दिवशी १२ दोनदा वाजतात. आता आम्ही एकच साचा वापरतो: “३१ जुलै २०२५ हा शेवटचा दिवस, १ ऑगस्ट २०२५ पासून लागू नाही.” वाक्य लांबते, पण फाटे फुटत नाहीत.

याच पार्किंगच्या ठरावाने आणखी एक गोष्ट शिकवली. आधी त्यात ‘वॉटरप्रूफिंगचे काम पूर्ण होईपर्यंत’ एवढेच होते. काम तर झाले, पण दोन ठिकाणी गळती राहिल्याने कमिटीने ठेकेदाराचे शेवटचे बिल थांबवले आणि काम पूर्ण झाल्याचे पत्र कुणी कुणाला दिलेच नाही. पोडियम वापरण्याजोगे झाले होते, गाड्या मात्र मोकळ्या जागेतच, अग्निशमन दलाची गाडी वळायला ठेवलेल्या पट्ट्यावर. घटनेवर मुदत बांधली की ती घटना घडली हे कोण सांगणार, आणि सांगितलेच नाही तर काय, हे दोन प्रश्न उरतात. म्हणून घटना लिहायची असेल तर तिच्या जोडीला तारीख हवीच, आणि ‘यांपैकी जे आधी होईल ते’ असे शब्द हवेत. ‘जे नंतर होईल ते’ असे एकदा मसुद्यात चुकून आले होते. त्याने मुदतच निरर्थक झाली असती. मसुदा वाचताना हे दोन शब्द मुद्दाम तपासावेत.

दुसरी गोष्ट फेरविचाराची खूण. फेरविचार आणि समाप्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला उशिरा उमगले. शेवटचा दिवस उलटला की ठराव संपतो, कुणाला विचारावे लागत नाही. खूण दिसली की ठराव आपोआप संपत नाही. तो विषय पत्रिकेवर येतो, एवढेच. ‘पाऊस सुरू झाला की वर्गणी बंद’ असे लिहिले, तर जूनच्या पहिल्या सरीला मॅनेजरने हेड काढायचे की नाही? काढले आणि पुन्हा दहा दिवस पाऊस गायब झाला तर? असा निर्णय मॅनेजरच्या गळ्यात टाकू नये. त्याच्याकडे फक्त खूण दिसल्याचे कळवण्याचे काम असावे.

चांगली खूण मोजता येते आणि ती रोज कुणाच्या तरी डोळ्यांसमोरून जाते. ‘पाणी सुरळीत झाल्यावर’ ही खूण नव्हे. आमच्याकडे महापालिकेच्या जोडणीवर मीटर आहे आणि पंप ऑपरेटर रोज सकाळी ७ ला त्याचा आकडा वहीत लिहितो. माणशी रोज १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे रूढ प्रमाण आहे. ८४ घरे, घरटी ५ माणसे धरली तर ५६,७०० लिटर होतात. आम्ही ते ६०,००० धरले. मीटरवर एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर. तेव्हा ‘आजचा आकडा वजा कालचा आकडा ६० किंवा जास्त, सलग सात दिवस’ ही आमची खूण झाली. हा हिशेब पंप ऑपरेटरला करता येतो. सात दिवस घेतले याला कारण आहे: ठाण्यात दुरुस्तीसाठी अधूनमधून चोवीस तास पुरवठा बंद असतो, आणि त्यानंतरच्या एका दिवशी पाणी जोरात येते. दोन-तीन दिवसांचा आकडा त्याने फसतो.

खूण कोण बघणार, तिथे व्यक्तीचे नाव लिहू नये, पद लिहावे. आधीच्या एका नोंदीत नाव होते आणि ते गृहस्थ फ्लॅट भाड्याने देऊन पुण्याला गेले. त्यांच्याबरोबर ती खूणही गेली. पदसुद्धा असे हवे की जे कधी रिकामे राहत नाही. ‘पाणी उपसमिती’ लिहिले होते, ती पुढे बसलीच नाही. शेवटी ‘पंप ऑपरेटर मोजेल, मॅनेजर सचिवांना लेखी कळवेल’ हेच टिकले.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि बहुतेक नोंदींत ती नसतेच: ठराव संपल्यावर काय. मुदती ठराव हा आधीच्या कुठल्या तरी स्थितीवर घातलेला असतो. तो उचलला की खाली काय आहे, हे लिहून ठेवले नाही तर दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही. पाण्याच्या वेळेचे तसेच झाले. टंचाईपूर्वी पाणी चोवीस तास होते की सकाळी ५ ते रात्री ११, यावर एकमत होईना. जुन्या पंप ऑपरेटरच्या टायमरच्या वहीतून ५ ते ११ निघाले. तेव्हापासून प्रत्येक मुदती नोंदीत ‘आधीची स्थिती’ हा रकाना आहे.

त्याच रकान्याला जोडून ठरावाचे ठसे कुठे कुठे आहेत, ते लिहितो. ठराव इतिवृत्तात संपतो, पण त्याच्या प्रती बाहेर जिवंत राहतात. बिलातले हेड, लॉबीतला फलक, सुरक्षारक्षकांच्या केबिनमधला कागद, पंपाचा टायमर, व्हॉट्सॲप ग्रुपवर पिन केलेला संदेश. एप्रिल २०२४ च्या ठरावाच्या अशा पाच प्रती निघाल्या. बिल दुरुस्त केल्यावरही जुनी वेळ दाखवणारा फलक मार्चपर्यंत लॉबीत होता. आता कुठलाही मुदती फलक लावताना खाली छोट्या अक्षरांत ‘हा फलक १ ऑगस्टला काढावा’ असे छापतो. वाचणाऱ्यालाही कळते आणि सफाई कर्मचाऱ्यालाही काढायला धीर होतो. बिलात हेडच्या नावातच मुदत घालतो: ‘टँकर वर्गणी (मे-जुलै २०२५)’. ऑगस्टच्या बिलात ते हेड चुकून आलेच, तर ८४ सदनिकांपैकी कुणीतरी बोलेलच.

या सगळ्यानंतर एप्रिल २०२५ चा टँकरचा ठराव असा लिहिला गेला. आमची मीटिंग दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी असते.

“ठराव क्र. मु-३/२०२५-२६. दि. २० एप्रिल २०२५. (१) टँकर मागवणे दि. २१ एप्रिल २०२५ पासून. (२) टँकर वर्गणी प्रति सदनिका दरमहा ₹३५०, दि. १ मे २०२५ च्या बिलापासून. शेवटची आकारणी दि. १ जुलै २०२५ च्या बिलात. (३) पाण्याची वेळ सकाळी ६ ते ९ व संध्याकाळी ६ ते ९, दि. २१ एप्रिल २०२५ पासून. (४) तिन्ही बाबींचा ३१ जुलै २०२५ हा शेवटचा दिवस. १ ऑगस्ट २०२५ पासून लागू नाहीत. (५) फेरविचार: दि. २० जुलै २०२५ च्या मीटिंगमध्ये. किंवा त्याआधी महापालिकेच्या मीटरवर सलग सात दिवस रोज ६० युनिट किंवा जास्त नोंद झाल्यास. किंवा १०,००० लिटरच्या टँकरचा दर आजच्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त वाढल्यास. यांपैकी जे आधी होईल तेव्हा. मोजणी पंप ऑपरेटर, कळवणे मॅनेजर, खूण दिसल्यापासून पाच दिवसांत मीटिंग बोलावणे सचिव. (६) आधीची स्थिती: वर्गणी नाही; पाणी सकाळी ५ ते रात्री ११. (७) समाप्तीनंतर: बिलाचे हेड काढणे, टायमर पूर्ववत करणे, लॉबी व केबिनमधील फलक काढणे, ग्रुपवर कळवणे; शिल्लक रक्कम ऑगस्टच्या बिलात समप्रमाणात वळती करणे.”

यात दोन गोष्टी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. टँकर २१ एप्रिलपासून आणि वर्गणी १ मेपासून, कारण एप्रिलची बिले आधीच निघालेली होती. एकाच ठरावातल्या बाबी वेगवेगळ्या दिवशी लागू होऊ शकतात; सगळ्यांना एक तारीख लावली की मागच्या तारखेने वसुलीचा वाद होतो. दुसरे म्हणजे फेरविचाराची मीटिंग शेवटच्या दिवसाच्या ११ दिवस आधी आहे. मुदत आधी १५ जुलै सुचली होती. तसे केले असते तर जूनची मीटिंग होऊन गेलेली, जुलैची पाच दिवस पुढे, आणि ठराव दोन्हींच्या मधल्या फटीत संपला असता. मुदत ठरवताना कॅलेंडर उघडून मीटिंगच्या तारखा आधी बघाव्यात, मग शेवटचा दिवस निवडावा.

९ जुलैच्या सकाळी सलग सातवा दिवस ६० च्या वर भरला. मॅनेजरने कळवले, १३ जुलैला मीटिंग झाली, टँकर आणि पाण्याच्या वेळेचे बंधन त्याच दिवसापुरते ठेवून संपवले. वर्गणीची जुलैची आकारणी झालेली होती, ती तशीच राहिली आणि उरलेली रक्कम ठरल्याप्रमाणे ऑगस्टच्या बिलात वळती झाली. नोंदवहीत शेवटचा दिवस ३१ जुलै हा खोडला नाही. शेजारच्या ‘प्रत्यक्ष संपला’ रकान्यात बाब १ व ३ पुढे १३ जुलै लिहिले. ठरलेली मुदत आणि घडलेली समाप्ती दोन्ही दिसायला हवीत. नंतर वाचणाऱ्याला मुदत किती अंदाजाने ठेवली होती हेही त्यातून समजते.

मुदतवाढीचे आमचे नियम कडक आहेत. मूळ ओळीतली तारीख बदलायची नाही. नवा क्रमांक, नवी ओळ, आणि दोन्ही ओळींत एकमेकींचा क्रमांक. वाढ शेवटच्या दिवसापर्यंत मंजूर झाली तरच ती मुदतवाढ. एक दिवस जरी उलटला तरी तो नवा ठराव, नव्या लागू तारखेसह, आणि मधला काळ मोकळाच राहतो. ‘मुदत संपली होती, ती आज मागील तारखेपासून वाढवण्यात येत आहे’ असे वाक्य इतिवृत्तात येऊ देऊ नये. त्या मधल्या दिवसांत कुणाकडून दंड घेतला असेल तर तो परत द्यावा लागेल, याची तयारी ठेवावी. दोनदा वाढ झालेला ठराव तिसऱ्यांदा आला, तर आम्ही तो वाढवत नाही. एक तर तो संपतो, नाही तर कायमचा नियम म्हणून मांडला जातो. तिसऱ्या वेळेपर्यंत तो तात्पुरता उरलेलाच नसतो.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. सर्वसाधारण सभेने एखादी गोष्ट ठरावीक काळापुरती मान्य केली असेल, तर ती मुदत कमिटी वाढवू शकत नाही. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते, म्हणून सभेकडून घेतलेल्या मुदती परवानगीचा शेवटचा दिवस आम्ही ३१ ऑक्टोबर ठेवतो. ३१ मार्च ठेवला तर पुढची सभा येईपर्यंत सहा महिने हात बांधलेले राहतात.

कायद्याने ठरवून दिलेल्या तारखा या नोंदवहीत घेऊ नयेत. अग्निशमन यंत्रणेचे फॉर्म बी जानेवारी आणि जुलैत द्यायचे असते. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनी असेल तर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायची असते. हे आपले ठराव नाहीत, कमिटीने ते वाढवता येत नाहीत. आम्ही सुरुवातीला सगळे एकाच पानावर ठेवले, तेव्हा फॉर्म बी पुढे कुणीतरी ‘मुदतवाढ?’ असे लिहिले होते. आता त्यांचे पान वेगळे आहे.

कायम ठरावांना मुदत नसली तरी काहींना खूण लागते. बिनभोगवटा शुल्काचा ठराव तसा आहे. शासनाच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. असा ठराव दुसऱ्याच्या आधारावर उभा असतो, म्हणून त्याच्या नोंदीत ‘आधार’ हा रकाना आहे आणि खूण एकच: आधार बदलला तर फेरविचार. २०१९ मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात गृहनिर्माण संस्थांसाठी १३-ब हे वेगळे प्रकरण आले, तेव्हा आधाराचा रकाना असता तर कोणते ठराव तपासायचे हे एका दुपारी कळले असते.

नोंदवही गूगल शीटमध्ये आहे, छापील प्रत दर मीटिंगच्या फाइलमध्ये. कायदेशीर नोंद इतिवृत्त पुस्तिकाच. शीट ही तिची सूची. शीटमध्ये आम्हाला सर्वांत मोठा धोका दिला तो तारखांनी. डी रकान्यात लागू तारीख, ई मध्ये शेवटचा दिवस, एफ मध्ये प्रत्यक्ष समाप्ती, आणि जी मध्ये स्थिती. पहिले सूत्र साधे होते, आज शेवटच्या दिवसाच्या आत असेल तर ‘चालू’. दोन ठराव संपून महिना झाला तरी ‘चालू’ दाखवत राहिले. कारण असे निघाले की शीटची लोकेल अमेरिकेची होती. तिथे महिना आधी धरतात, त्यामुळे ३०/०९ ही तारीखच ठरत नाही आणि शीट ती मजकूर म्हणून ठेवते. तुलना करताना मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो, म्हणून असा ठराव कधीच संपत नाही. ०५/०६ सारख्या तारखेचे त्याहून वाईट: ५ जूनऐवजी ६ मे गुपचूप बसतो. मजकूर झालेली तारीख ओळखायची खूण म्हणजे ती घरात डावीकडे सरकलेली दिसते; खरी तारीख उजवीकडे असते. लोकेल भारताची केली, तारखेत महिना अक्षरांत दिसेल अशी रचना ठेवली आणि सूत्र असे बदलले:

```
=IF(NOT(AND(ISNUMBER(D2),ISNUMBER(E2))),"तारीख तपासा",
 IF(TODAY()<D2,"लागू व्हायचा",
 IF(TODAY()<=MIN(E2:F2),"चालू","संपला")))
```

एफ रिकामा असेल तर `MIN` तो सोडून देते आणि ई वापरते. ई रिकामा राहिला तर ओळ ‘तारीख तपासा’ म्हणत राहते, म्हणजे मुदतीविना मुदती ठराव नोंदवहीत शिरू शकत नाही.

‘संपला’ ही स्थिती पुरेशी नाही, कसा संपला हेही हवे. मुदतीने, आधी रद्द होऊन, की नव्या ठरावाने बदलून, आणि बदलला असेल तर कोणत्या क्रमांकाने. संपलेली ओळ काढायची नाही, फक्त करडी करायची. ऑगस्टमध्येच याचा उपयोग झाला. एका सभासदाने जूनचे बिल भरले नव्हते आणि त्यांना ₹३५० चुकीचे वाटत होते. मॅनेजरने ‘१ जूनला काय लागू होते’ असे बघितले: लागू तारीख १ जूनपूर्वी किंवा त्याच दिवशी, आणि समाप्ती त्या दिवशी किंवा नंतर. चार ओळी निघाल्या, त्यांत मु-३. तिचे छापील पान आणि इतिवृत्ताचा पृष्ठक्रमांक दाखवला आणि काउंटरवरच विषय मिटला.

सुरुवातीच्या उत्साहात आम्ही नको तिथेही मुदती लावल्या होत्या. कचऱ्याच्या वेळेला सहा महिने, क्लब हाउसच्या नियमांना एक वर्ष. जूनच्या मीटिंगमध्ये सात विषय नुसत्या मुदतवाढीचे आले आणि पाचव्यापासून कुणी वाचतही नव्हते, हात वर होत होते. त्यांतले पाच ठराव कायम गटात टाकले. आता नवा ठराव मांडताना सचिव एकच गोष्ट विचारतात: हे कशामुळे करावे लागतेय, आणि ते कारण जाणार आहे का? जाणार असेल तर ‘मु’. सध्या नोंदवहीत नऊ ओळी चालू आहेत. दर मीटिंगच्या पत्रिकेत विषय क्र. २ ‘पुढील ४५ दिवसांत संपणारे ठराव’ हा असतो. ४५ दिवस यासाठी, की एक मीटिंग काही कारणाने पुढे ढकलली गेली तरी विषय निसटत नाही. बहुतेक महिन्यांत त्याला पाच मिनिटे लागतात, आणि ज्या महिन्यात एकही ओळ नसते तेव्हा इतिवृत्तात ‘निरंक’ लिहितो, म्हणजे बघितले होते हे कळते.